तीन फ्रेमांचा हिशेब

हॉलमध्ये बसलेल्यांना उजेड अगदी स्थिर दिसतो. कार्यक्रम संपतो, घरी येऊन व्हिडिओ लावला की पडद्यावर आडवे करडे पट्टे वर सरकताना दिसतात, मागची पांढरी भिंत धडधडते आणि गाणाऱ्याचा चेहरा क्षणात उजळतो, क्षणात काळवंडतो. बहुतेक लोक कॅमेऱ्याला दोष देतात किंवा मेमरी कार्ड खराब झालं म्हणतात. खरं तर कॅमेऱ्याने जे होतं तेच टिपलेलं असतं. दिवा खरोखरच फडफडत होता, फक्त आपल्या डोळ्यांना ते कळण्याच्या पलीकडच्या वेगाने. आणि ही फडफड अत्यंत नियमित असल्यामुळे बऱ्याच वेळा ती चित्रातून काढूनही टाकता येते.

आपल्या घरात येणारा वीजप्रवाह सेकंदाला ५० वेळा पूर्ण हेलकावा घेतो. प्रत्येक हेलकाव्यात तो एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने वाढतो, म्हणून दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेली असायची आणि इतक्या थोड्या वेळात ती फारशी निवत नसे, त्यामुळे हा चढउतार सौम्य राहायचा. चोकवाल्या ट्यूबलाइटमध्ये तो जास्त असतो. एलईडीमध्ये तो किती असेल हे आतल्या ड्रायव्हरवर अवलंबून असतं. चांगला ड्रायव्हर प्रवाह सपाट करून देतो आणि उजेड जवळपास अखंड राहतो. स्वस्त बल्ब किंवा बॅटनमध्ये प्रवाह सपाट करणारा कपॅसिटर लहान असतो किंवा नसतोच, आणि मग एलईडी प्रत्येक हेलकावा जसाच्या तसा उजेडात उतरवतो, कारण त्याला निवायला वेळ लागत नाही.

एवढ्याने चित्र फक्त कमीजास्त उजळ झालं असतं. पट्टे येतात ते सेन्सरच्या वाचनाच्या पद्धतीमुळे. मोबाइल आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर अख्खं चित्र एका झटक्यात घेत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ घेत जातो. वरून खाली यायला त्याला समजा एका सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे २० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्या वेळात दिवा दोनदा चढून दोनदा उतरलेला असतो. ज्या ओळी उजेड भरात असताना घेतल्या गेल्या त्या उजळ, ज्या ओसरता असताना घेतल्या त्या काळपट. म्हणून चित्रात दोन उजळ आणि दोन काळे पट्टे. मोबाइल उभा धरून शूटिंग केलं तर हेच पट्टे उभे दिसतात, कारण ते सेन्सरच्या ओळींना बांधलेले असतात, समोरच्या दृश्याला नव्हे. पट्टे दिव्यामुळे आलेत की भिंतीवरच्या सावल्यांमुळे, हे ओळखायची ही सोपी खूण आहे: कॅमेरा हलला की सावली भिंतीबरोबर जाते, पट्टा चौकटीतच राहतो.

आता मुद्द्याची गोष्ट. एका फ्रेममध्ये पट्टे कुठे पडतील हे ठरतं दिव्याचे १०० ठोके आणि कॅमेऱ्याच्या सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या फ्रेम्स यांच्या गुणोत्तरावर. मोबाइल आणि अनेक कॅमेरे सेकंदाला ३० फ्रेम्स घेतात. शंभराला तीसने भागलं की ३ आणि वर एक तृतीयांश उरतं. म्हणजे एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत दिव्याचे तीन पूर्ण ठोके होतात आणि चौथ्याचा तिसरा हिस्सा. त्या उरलेल्या हिश्शाने पट्टे प्रत्येक फ्रेममध्ये थोडे वर सरकतात आणि तीन फ्रेम्सनंतर पुन्हा मूळ जागी येतात. तबलजींच्या भाषेत सांगायचं तर पट्टे दर तीन फ्रेम्सनी समेवर येतात. दुरुस्तीची सगळी किल्ली या तिनात आहे.

माझ्याकडे एडिटिंगसाठी आलेल्या एका क्लिपवरून हे सविस्तर सांगतो. तबल्याच्या एका वर्गाचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम होता. मंचावर एलईडी बॅटन, डाव्या बाजूला उघडी खिडकी, कॅमेरा स्टँडवर पक्का. शूटिंग करणाऱ्याने बोटं स्पष्ट दिसावीत म्हणून शटर १/२०० ठेवलं होतं आणि सेकंदाला ३० फ्रेम्स. बोटं खरोखर सुरेख टिपली गेली होती, पण मागच्या पडद्यावर दोन रुंद पट्टे सतत वर धावत होते. १/२०० सेकंद म्हणजे ५ मिलिसेकंद, दिव्याच्या एका ठोक्याच्या बरोबर निम्मे. काही ओळींना ठोक्याचा उजळ निम्मा भाग मिळाला, काहींना काळोखा. शटर १/१०० असतं तर प्रत्येक ओळीला एक पूर्ण ठोका मिळाला असता, चढही आणि उतारही, आणि पट्टे उमटलेच नसते.

क्लिप आधी एकेक फ्रेम पुढे नेत पाहिली. पहिल्या फ्रेममध्ये उजळ पट्टा पडद्याच्या एका चुणीवर होता. दुसऱ्या फ्रेममध्ये तो साधारण १८० ओळी वर, तिसऱ्यात आणखी तेवढाच वर, आणि चौथ्यात पुन्हा एक उजळ पट्टा बरोबर त्याच चुणीवर. एक हजार ऐंशी ओळींच्या चित्रात दोन पट्टे म्हणजे एकाची रुंदी ५४० ओळी, आणि तिचा तिसरा हिस्सा १८०. हिशेब जुळला. आलेल्या प्रत्येक क्लिपवर ही तपासणी आधी करावी, कारण पुढचा सगळा उपाय तिच्यावर उभा असतो.

आता पडद्यावरची एकच ओळ घ्या. तिचा खरा उजेड १०० मानला तर लागोपाठच्या तीन फ्रेम्समध्ये ती १२०, ९० आणि ९० अशी आली. बेरीज ३००, सरासरी १००. तिच्या थोडी खालची ओळ ११७, ८३ आणि १०० अशी आली, सरासरी पुन्हा १००. ओळ कुठलीही घ्या, तीन फ्रेम्समध्ये दिव्याचा चढ आणि उतार एकमेकांना फेडून टाकतात. त्यामुळे सर्वांत साधा उपाय म्हणजे प्रत्येक तीन लगतच्या फ्रेम्सची सरासरी काढणं. कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हे हाताने करता येतं. तीच क्लिप एकावर एक तीन थरांत ठेवायची. मधला थर एक फ्रेम पुढे, सर्वांत वरचा दोन फ्रेम्स पुढे. खालच्या थराची अपारदर्शकता १०० टक्के, मधल्याची ५०, वरच्याची ३३. आकडे विचित्र वाटतात, पण असे ठेवले तरच तिन्ही थरांचा वाटा सारखा होतो. आवाज फक्त खालच्या थराचा ठेवायचा. एफएफएमपेग हे मोफत साधन वापरणाऱ्यांना हेच काम एका ओळीत करता येतं:

```
ffmpeg -i tabla.mp4 -vf "tmix=frames=3" -c:a copy tabla_saral.mp4
```

अनेक जण ही युक्ती दोन थरांनी करतात, कारण तशी ती शिकवली जाते. सेकंदाला ३० फ्रेम्स आणि ५० हर्ट्‌झची वीज असताना दोन थरांनी पट्टे निम्मेच कमी होतात. मग माणसाला वाटतं, आणखी थर वाढवू. चार थर केले तर चौथा हिस्सा शिल्लक राहतो, पाच केले तर पाचवा. जास्त थर म्हणजे जास्त सफाई असा हा प्रकार नाही. तीन किंवा तिनाच्या पटीतच पट्टे पूर्ण जातात. सेकंदाला २४ फ्रेम्स असतील तर चक्र सहा फ्रेम्सचं होतं, आणि ६० फ्रेम्स असतील तर पुन्हा तिनाचं. एफएफएमपेगमध्ये `deflicker` नावाचाही एक फिल्टर आहे आणि नावावरून लोक तोच लावतात. तो संपूर्ण फ्रेमचा सरासरी उजेड पुढच्या-मागच्या फ्रेम्सशी जुळवतो. एका फ्रेममध्ये वर काळं आणि खाली उजळ असेल तर त्याला ते दिसतच नाही.

तीन थर लावल्यावर मागचा पडदा निर्मळ झाला. बोटं मात्र गेली. ज्या बोटांसाठी १/२०० शटर ठेवलं होतं, तिथे आता तीन-तीन बोटांची पुसट छाया होती, कारण सरासरीत उजेडाबरोबर हालचालीचीही सरासरी होते. बोलणारा वक्ता, स्थिर बसलेले पाहुणे, मूर्ती, वस्तूचं चित्रण यांना ही पद्धत चालते. तबला, नृत्य, कबड्डी यांना चालत नाही.

तिथे थोडा वेगळा विचार करावा लागतो. चित्राची सरासरी काढायची नाही, फक्त उजेडाची काढायची. प्रत्येक फ्रेममधल्या प्रत्येक ओळीचा एकूण उजेड मोजायचा, त्याच ओळीची तीन फ्रेम्सची सरासरी काढायची, आणि एकाला दुसऱ्याने भागून त्या ओळीसाठी एक गुणक मिळवायचा. वरच्या उदाहरणात १२० आलेल्या ओळीचा गुणक शंभर भागिले एकशेवीस, म्हणजे ०.८३, आणि ९० आलेल्या ओळीचा १.११. मग त्या फ्रेममधला त्या ओळीचा प्रत्येक ठिपका या गुणकाने गुणायचा. प्रत्येक फ्रेम स्वतःचीच राहते, बोटं जिथल्या तिथे राहतात, फक्त ओळीचा उजेड जागेवर येतो. बोटं ओळीचा अगदी छोटा भाग व्यापतात, म्हणून त्यांच्या हालचालीने ओळीची बेरीज फारशी बदलत नाही. तरी खात्रीसाठी मोजणी फक्त मागच्या पडद्याच्या पट्टीवरून करून तोच गुणक पूर्ण ओळीला लावता येतो. शिवाय खऱ्या पट्ट्यांची कड मऊ असते, त्यामुळे लगतच्या ओळींचे गुणकही हळूहळू बदलायला हवेत. एखादा गुणक मध्येच उडी मारत असेल तर तो हालचालीमुळे चुकलाय असं समजून सरळ करायचा.

गुणायचं, मिळवायचं नाही, यावर मी अडून बसतो. काळ्या पट्ट्यात ठरावीक उजेड मिळवला तर पडदा ठीक दिसतो, पण तबल्याची शाई करडी होते आणि काळे केस धुरकट. दिवा मंदावला तेव्हा प्रत्येक वस्तूवर पडणारा उजेड त्याच प्रमाणात घटला होता, म्हणून परत आणतानाही प्रमाणानेच आणायला हवा. गुणल्यावर काळं काळंच राहतं.

हे सगळं हाताने करायची गरज नाही. डाविंची रिझॉल्व्हच्या विकत मिळणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीत डिफ्लिकर नावाचा इफेक्ट आहे आणि त्यात ‘फ्लुरो लाइट’ असा तयार पर्याय आहे. शेजारचा ‘टाइमलॅप्स’ पर्याय पूर्ण फ्रेमच्या चढउतारासाठी आहे, पट्ट्यांसाठी नाही. डिजिटल अनार्कीचं फ्लिकर फ्री आणि आरई:व्हिजन इफेक्ट्सचं डीई:फ्लिकर हे प्लगइन इतर सॉफ्टवेअरमध्ये चालतात. पण कुठलंही साधन घेतलं तरी ते किती फ्रेम्स पाहतं हे विचारायला हवं. चक्र तीन फ्रेम्सचं असताना ते दोनच पाहत असेल तर निकाल अर्धवट येणार, आणि पंधरा पाहत असेल तर हालचालीच्या कडा पुसट होण्याची भीती वाढते.

माझ्या क्लिपमध्ये खरी अडचण खिडकीने केली. दिवसाचा उजेड फडफडत नाही. डावीकडे बसलेल्या मुलाच्या गालावर खिडकीचा उजेड जास्त होता, तिथे पट्टे जवळपास नव्हतेच. पूर्ण ओळीला एकच गुणक लावल्यावर त्या गालावर उलटे पट्टे उमटले: जिथे आधी पडदा काळा पडत होता तिथे आता गाल उजळत होता. यावर उपाय एकच, चित्राचे भाग पाडायचे. खिडकीच्या बाजूला मऊ कडेचा मास्क काढून तिथे दुरुस्तीची तीव्रता कमी केली आणि सरकता सरकता उजवीकडे पूर्ण केली. मोठ्या हॉलमध्ये हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. तिथले दिवे विजेच्या तीन वेगवेगळ्या फेजवर वाटलेले असतात आणि त्यांचे ठोके एकमेकांच्या पुढेमागे पडतात. मग मंचाच्या डावीकडे पट्टा एका उंचीवर आणि उजवीकडे दुसऱ्या उंचीवर दिसतो. तिन्ही फेजचा उजेड एकाच जागी सारखा मिसळला तर मात्र फडफड आपोआप विरते. कारखान्यांमध्ये ट्यूब तीन फेजवर वाटण्यामागे हेही एक कारण होतं, कारण फडफडत्या उजेडात फिरणारं यंत्र थांबल्यासारखं दिसून अपघात होऊ शकतो.

ट्यूबलाइट असेल तर रंगही पाहावा लागतो. ट्यूबच्या आतल्या लेपातली वेगवेगळ्या रंगांची रसायनं एकाच वेगाने विझत नाहीत. निळा लवकर ओसरतो, हिरवा आणि लाल रेंगाळतात. त्यामुळे काळपट पट्टा पिवळसरही असतो. अशा वेळी लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींचे गुणक वेगवेगळे काढावे लागतात. पांढऱ्या एलईडीत हा फरक सहसा जाणवत नाही.

कुठल्या क्रमाने काय करायचं, यावर निम्मं यश ठरतं. पट्टे सेन्सरच्या ओळींना बांधलेले आहेत, म्हणून चित्र कापणं, फिरवणं, स्थिर करणं यांच्या आधी पट्टे काढायचे. आधी स्टॅबिलायझेशन लावलं तर सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम थोडी हलवतं आणि ओळींचा हिशेब मोडतो. फ्रेम्सचा वेग बदलणंही नंतरच. ३० ची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर टाकली की सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम्स गाळतं आणि तिनाचं चक्र तुटतं. मोबाइलच्या क्लिपमध्ये फ्रेम्सचा वेग कमीजास्त होत असतो, तिथे हे विशेष सांभाळावं लागतं. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत तर परत पाठवावी आणि मूळ फाइल मागावी. दाबून लहान केलेल्या प्रतीत काळ्या पट्ट्यांतले बारकावे ठोकळे होऊन गेलेले असतात, आणि तो पट्टा उजळला की ते ठोकळेच उजळतात. चांगल्या मूळ फाइलमध्येही उजळलेल्या पट्ट्यात दाणे दिसतात, म्हणून दाणे कमी करण्याचं काम पट्टे काढल्यानंतर करायचं.

काम नीट झालं की नाही हे पाहण्यासाठी मी तात्पुरता कॉन्ट्रास्ट खूप वाढवतो आणि भिंत, पडदा किंवा पांढरा कुर्ता अशा सपाट जागेवर नजर ठेवून क्लिप चालवतो. उरलेला पट्टा तिथे लगेच दिसतो. पांढऱ्या कुर्त्यावर एक गोष्ट मात्र सुधारत नाही. उजळ पट्ट्यात कापड इतकं पांढरं झालं असेल की सेन्सरची कमाल मर्यादा गाठली गेली, तर तिथली चुणी नोंदवलीच गेलेली नसते. गुणकाने ती जागा फक्त करडी होईल, चुणी परत येणार नाही.

आता एक उलटी वाटणारी बाब. भारतात सेकंदाला २५ फ्रेम्स घ्याव्यात असं सांगितलं जातं, आणि शूटिंगच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण २५ फ्रेम्स आणि १/२०० शटर अशी क्लिप आली तर दुरुस्ती ३० पेक्षा अवघड होते. शंभर भागिले पंचवीस बरोबर चार. बाकी उरत नाही, म्हणून पट्टे प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी पडतात. तीन फ्रेम्सची सरासरी घ्या की तीस, काळी ओळ काळीच राहते. ते अगदी गोठलेले मात्र नसतात. आपल्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी ५० च्या आसपास हलत असते, ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झमध्ये राखणं अपेक्षित असतं. ती ४९.९५ असेल तर पट्ट्यांना एक चक्र पुरं करायला साधारण दहा सेकंद लागतात. कॅमेरा स्टँडवर स्थिर असेल तर प्रत्येक ओळीची दहा सेकंदांची सरासरी काढून तिच्याशी तुलना करता येते. कॅमेरा हातात असेल तर पट्ट्यांच्या उलट उजेडाचा एक थर रंगवून तो त्यांच्याबरोबर हळूहळू सरकवत न्यावा लागतो. काम होतं, पण एका मिनिटाच्या क्लिपला संध्याकाळ जाते.

मंचावरचे डिमरवाले एलईडी ही याहून वेगळी जात आहे. उजेड कमी करण्यासाठी ते सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा पूर्ण बंद-चालू होतात. त्यांचे पट्टे बारीक आणि पुष्कळ असतात. मोजून अंदाज येतो: सेन्सरला २० मिलिसेकंद लागत असतील आणि बारा पट्टे दिसत असतील तर दिवा सेकंदाला ६०० वेळा बंद-चालू होतोय. इथे ठोक्यांचं फ्रेम्सशी जुळणारं गुणोत्तर मिळेलच असं नाही, आणि शटर फार लहान असेल तर काही ओळी दिवा बंद असतानाच घेतल्या गेलेल्या असतात. त्या ओळींत उजळवण्यासारखं काहीच नसतं, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. सेकंदाला २४० फ्रेम्सच्या स्लो मोशनमध्येही हीच मर्यादा येते. तिथे शटर १/२४० पेक्षा लांब ठेवताच येत नाही, म्हणून १०० ठोक्यांचा एक पूर्ण ठोका कुठल्याच ओळीला मिळत नाही. दिवा बदलणं किंवा दिवसाच्या उजेडात जाणं एवढेच दोन मार्ग उरतात.

शूटिंगच्या वेळी शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर फ्रेम्स २५ असोत, ३० असोत की ५०, शंभर ठोक्यांच्या दिव्याखाली पट्टे येत नाहीत. (५० फ्रेम्सना १/५० ही शेवटची मर्यादा.) कॅमेऱ्यात १/६० ही सवयीची जागा अमेरिकेच्या ६० हर्ट्‌झ विजेसाठी आहे. आपल्याकडे ती वापरली तर दिव्याच्या चढउताराचा सुमारे सहावा हिस्सा चित्रात उतरतो, छोट्या पडद्यावर लक्षात येत नाही आणि टीव्हीवर लावलं की भिंत हलते. १/२०० वर हाच हिस्सा जवळपास दोन तृतीयांश होतो. तबल्याच्या बोटांसाठी १/१०० पुरेल का, हा प्रश्न रास्त आहे. द्रुत लयीत बोटांची कड थोडी मऊ पडते, पण उजेड दुप्पट मिळाल्यामुळे आयएसओ निम्मा ठेवता येतो आणि दाणे कमी होतात. त्याहून लहान शटर हवंच असेल तर मंचासाठी चांगल्या ड्रायव्हरचे दिवे आणावेत. ते विकत घेण्याआधी दुकानातच मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दहा सेकंद टिपून पाहावेत. ज्याच्याखालची भिंत स्लो मोशनमध्येही स्थिर दिसते, तो दिवा घ्यावा.